कलम 10 की कलम 11? एकाच वादाचे दोन दावे झाले की विचारले जाणारे प्रश्न

देवगड-मालवण पट्ट्यात वाटेचे, गडग्याचे आणि सामाईक कलमबागांचे दावे एका पिढीत संपत नाहीत. त्यातून एकाच भांडणाचे दोन दावे उभे राहतात आणि मग पक्षकार ऑफिसात येऊन विचारतो, "वकीलसायब, आमचो दावो आधीचो, मगे ह्यो दुसरो चलता कसो?" त्याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या दोन शेजारच्या कलमांत आहे. कलम 10 ला वकील मंडळी रेस सब ज्युडिस म्हणतात, कलम 11 ला रेस ज्युडिकाटा. मराठीत पहिल्याला दाव्याची स्थगिती आणि दुसऱ्याला प्राङ्न्याय. नवे वकीलसुद्धा अर्ज लिहिताना यांत गल्लत करतात, म्हणून हे पान. पुढे सगळीकडे एकच कल्पित प्रकरण घेतलं आहे, म्हणजे धागा तुटणार नाही.

आधी ते प्रकरण सांगा. कोणाचं कोणाशी भांडण?

एका वाडीत दोन घरं आहेत, वरचं घर आणि खालचं घर. मुळात चुलत भाऊ. वरच्या घराची डांबरी रस्त्यावर यायची पाखाडी खालच्या घराच्या कलमबागेतून उतरते. वरच्या घराचं म्हणणं असं की आजोबांच्या काळापासून ही सहा फूट रुंदीची वहिवाट आहे. खालचं घर म्हणतं, वाट नव्हतीच, हे लोक वहाळाकडून फिरून जायचे.

मार्च 2019 मध्ये वरच्या घराने देवगडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. मागणी दोन गोष्टींची होती: वहिवाटीचा हक्क आहे असं जाहीर करावं, आणि अडथळा करू नये म्हणून कायम मनाई द्यावी. याला आपण पहिला दावा म्हणू. मे 2022 मध्ये खालच्या घराने पाखाडीच्या तोंडाशी चिऱ्याचा गडगा घातला. वरच्या घराने तो पाडला. लगेच जुलै 2022 मध्ये खालच्या घराने त्याच न्यायालयात उलटा दावा टाकला: यांना आमच्या गटातून जायचा कसलाही हक्क नाही असं जाहीर करा आणि यांना आमच्या जमिनीत पाय ठेवायला मनाई करा. हा दुसरा दावा.

एकच पाखाडी, एकच माणसं, एकच प्रश्न, आणि तारखा मात्र दोन बोर्डांवर.

दुसरा दावा आला त्या दिवशी वरच्या घराने कोणतं कलम लावायचं?

कलम 10. पहिला दावा अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही. तिथे प्राङ्न्यायाचा प्रश्नच येत नाही, कारण प्राङ्न्यायासाठी आधी काहीतरी अंतिमपणे ठरलेलं असावं लागतं.

कलम 10 सांगतं ते असं: जो मुद्दा दुसऱ्या दाव्यात प्रत्यक्षपणे आणि सारतः वादात आहे, तोच आधी दाखल झालेल्या दाव्यातही तसाच वादात असेल, पक्षकार तेच असतील किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे असतील, ते त्याच नात्याने भांडत असतील, आणि पहिल्या दाव्याच्या न्यायालयाला ती दाद देण्याचा अधिकार असेल, तर दुसऱ्या दाव्याची सुनावणी पुढे चालवायची नाही. हे बंधन न्यायालयावर आहे, मर्जीवर नाही.

मी माझ्या ज्युनियरांना एकच तपासणी करायला सांगतो. समजा पहिला दावा उद्या कायमचा सुटला. त्या निकालाने दुसरा दावा आपोआप बंद पडेल का? पडणार असेल तर आज कलम 10. ही कसोटी माझी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या प्रकरणात तीच सांगितली. आपल्या प्रकरणात लावून बघा: पहिल्या दाव्यात वहिवाट आहे असं कायमचं ठरलं, तर "वहिवाट नाही" म्हणणारा दुसरा दावा उभाच राहत नाही. कसोटी पुरी झाली.

मग दोन्ही कलमं एकच झाली की! फरक नेमका कुठे?

मला खरे फरक तीन वाटतात, बाकीचे परीक्षेच्या गाइडांपुरते.

पहिला तारखेचा. कलम 10 विचारतं, आधी *दाखल* कोणता झाला? कलम 11 विचारतं, आधी *निकाल* कोणाचा लागला? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि तिथेच माणसं फसतात. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

दुसरा व्याप्तीचा. कलम 10 मध्ये शब्द आहे "दावा", कलम 11 मध्ये "दावा किंवा मुद्दा". म्हणजे दोन दाव्यांत दहापैकी एकच मुद्दा सारखा असेल, तर प्राङ्न्यायाने तेवढ्या एका मुद्द्यावर पुन्हा पुरावा घेणं बंद करता येतं आणि बाकीचा दावा चालू राहतो. कलम 10 ला तशी फोड जमत नाही. तिथे दोन्ही दाव्यांचा गाभाच एक असावा लागतो. एखादा मुद्दा सारखा आहे एवढ्यावर आख्खा दावा थांबवता येत नाही.

तिसरा परिणामाचा. कलम 10 ने दावा थांबतो, मरत नाही. बोर्डावर राहतो, तारखा पडत राहतात, रोजनाम्यात "पहिल्या दाव्याच्या निकालापर्यंत स्थगित" असं लिहिलेलं असतं. कलम 11 ने दावा किंवा मुद्दा संपतो.

कलम 10 चा अर्ज दिला म्हणजे समोरच्याच्या मनाई अर्जाला उत्तर द्यायला नको ना?

हा समज फार महागात पडतो. कलम 10 ने थांबते ती दाव्याची सुनावणी, म्हणजे मुद्द्यांवर पुरावा घेऊन निकालाकडे जाणं. दावा दाखल करायला ते आड येत नाही आणि तात्पुरता हुकूम द्यायलाही नाही. निशाणी 5 चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, कोर्ट कमिशनर नेमणं, रिसिव्हर नेमणं, हे सगळं स्थगित दाव्यातही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये इंडियन बँकेच्या प्रकरणात "सुनावणी" या शब्दाचा असा मर्यादित अर्थ लावला.

आपल्या प्रकरणात वरच्या घराने कलम 10 चा अर्ज टाकला आणि निशाणी 5 ला म्हणणं दिलंच नाही, तर खालच्या घराला एकतर्फी तात्पुरती मनाई मिळू शकते. दावा थांबलेला आणि पाखाडीही बंद! म्हणून एकाच तारखेला दोन्ही द्यायचं: कलम 10 चा अर्ज, आणि निशाणी 5 ला लेखी म्हणणं. म्हणण्यात पहिल्या दाव्यात काही हुकूम झाला असेल तर त्याची प्रत जोडायची. एकाच न्यायाधीशासमोर एकाच वाटेवर दोन उलटे तात्पुरते हुकूम होऊ नयेत, हे त्यांनाही हवंच असतं.

अर्जाला काय जोडायचं?

पहिल्या दाव्याच्या वादपत्राची आणि कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, नक्कल, मुद्दे काढले असतील तर त्यांची नक्कल, आणि तो दावा आज कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवणारा रोजनामा किंवा ई-कोर्टवरचा उतारा. सीएनआर क्रमांक, तो सोळा अंक-अक्षरांचा, दोन्ही दाव्यांचा लिहा. अर्जात वादपत्रातले परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून दाखवा: इथे मागणी ही, तिथे मागणी ती, गट तोच, पाखाडी तीच. "दोन्ही दावे सारखे आहेत" एवढ्याच वाक्यावर अर्ज सोडून दिलेले मी पुष्कळ बघितले, आणि ते फेटाळलेलेही.

दाखल तारखेत एक खोच आहे. पहिला दावा आधी चुकीच्या न्यायालयात लावला होता, तिथून वादपत्र परत मिळालं आणि मग योग्य न्यायालयात सादर केलं, असं असेल तर नव्या न्यायालयातली तारीखच दाखल तारीख. जुनी तारीख दाखवून "आमचा आधीचा" म्हणता येत नाही.

पक्षकार बदललेत. आमचे वडील वारले, आता आम्ही मुंबईत. तरी "तेच पक्षकार" कसे?

वारस हे वडिलांमार्फतच हक्क सांगतात, त्यामुळे ते तेच पक्षकार. विकत घेणाराही तसाच, मात्र त्याने दावा सुरू झाल्यानंतर घेतलं असेल तर. दावा लागण्याआधीच ज्याने जमीन घेतली, त्याला पुढच्या निकालाने बांधता येत नाही.

"त्याच नात्याने" हे शब्द वेगळे वाचावे लागतात. गावातला एक मानकरी देवस्थानच्या जमिनीसाठी विश्वस्त म्हणून भांडतो आणि नंतर स्वतःच्या घरच्या हिश्श्यासाठी दावा करतो. माणूस एक, पण नाती दोन. पहिला निकाल दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिल्या दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. आता प्राङ्न्याय ना?

इथे थांबा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि माझ्या हातूनही झाली आहे.

आपल्या प्रकरणात समजा सप्टेंबर 2023 मध्ये पहिल्या दाव्याचा हुकूमनामा वरच्या घराच्या बाजूने झाला. वहिवाट आहे, अडवू नका. खालच्या घराने तीस दिवसांच्या मुदतीत ओरोसला जिल्हा न्यायालयात अपील केलं. आता दुसऱ्या दाव्यात वरचं घर कलम 11 चा अर्ज देतं, "निकाल लागला, दावा फेटाळा."

तो अर्ज टिकत नाही. अपील म्हणजे त्याच दाव्याचा पुढचा टप्पा. अपील दाखल झालं की हुकूमनाम्याचं अंतिमपण गेलं, प्रश्न पुन्हा उघडा झाला. "ऐकून अंतिमपणे निर्णीत" या शब्दांतला "अंतिमपणे" उरला नाही. मग काय लावायचं? पुन्हा कलम 10 च. पहिला दावा अपिलाच्या रूपात प्रलंबित आहे, म्हणून दुसरा दावा थांबलेलाच राहील.

माझी चूक अशी. वकिलीची सुरुवातीची वर्षं होती. हुकूमनाम्याची नक्कल हातात पडली आणि त्याच आठवड्यात मी कलम 11 चा अर्ज ठोकला. अपिलाची नोटीस आमच्या पक्षकाराला अजून लागायची होती, आणि मी चौकशी केली नव्हती. समोरच्या वकिलांनी शांतपणे अपिलाचा क्रमांक पुढे ठेवला. अर्ज गेला. कलम 10 चा नवा अर्ज करेपर्यंत मधल्या तारखेला वादीचं सरतपासाचं शपथपत्रही आलं होतं, उलटतपास बाकी. थांबवता आला असता तो दावा पुरावा घेऊन पुढे सरकला.

तेव्हापासून नियम: निकालानंतर अर्ज लिहिण्याआधी ई-कोर्टवर जिल्हा न्यायालयाच्या यादीत पक्षकाराच्या नावाने शोध घ्यायचा, आणि अपिलाची मुदत संपली का ते बोटं मोजून बघायचं.

अपिलाचाही निकाल लागला. मग?

समजा फेब्रुवारी 2025 मध्ये ओरोसचं अपील फेटाळलं गेलं. आता उच्च न्यायालयात दुसरं अपील होऊ शकतं, मुदत नव्वद दिवसांची, आणि फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. (18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईची रात्रीची गाडी वाचली, आंबोली किंवा फोंडा घाट मात्र चढावाच लागतो.)

दुसरं अपील झालं तर पुन्हा कलम 10 ची स्थिती. मुदत संपली आणि कोणी गेलं नाही, तर आता खरा प्राङ्न्याय. दुसऱ्या दाव्यात अर्ज द्यायचा, आणि सोबत प्राथमिक मुद्दा काढायची विनंती करायची.

कागदांची यादी इथे वाढते. पहिल्या दाव्याचं वादपत्र, कैफियत, मुद्दे, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, अपिलाचा निकाल. सगळ्या प्रमाणित नकला. नुसता हुकूमनामा देऊन भागत नाही, कारण आधी नेमका कोणता मुद्दा वादात होता आणि कसा ठरला हे त्यावरून कळत नाही. वादपत्र नामंजूर करा अशा अर्जात, म्हणजे ऑर्डर 7 नियम 11 मध्ये, प्राङ्न्याय सहसा बसत नाही, तो याच कारणाने. तिथे न्यायालय फक्त वादपत्र वाचतं, आणि प्राङ्न्यायासाठी आधीच्या दाव्याचे सगळे कागद तपासावे लागतात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. तरी ऑर्डर 7 नियम 11 चे असे अर्ज येतात, फेटाळले जातात आणि वर्ष जातं.

आमच्याकडे उलटं झालं. नंतर लावलेला दावाच आधी सुटला!

असं होतं, आणि फार होतं. पहिला दावा साक्षीदार आजारी म्हणून, कमिशनरची मोजणी रखडली म्हणून अडकतो. दुसऱ्यात कोणी कलम 10 मागितलंच नाही. तो भराभर चालला आणि निकाल लागला.

कलम 11 चं पहिलं स्पष्टीकरण इथे लागतं. "आधीचा दावा" म्हणजे आधी *निर्णीत* झालेला दावा, मग तो कधीही दाखल झालेला असो. आपल्या प्रकरणात दुसरा दावा 2023 मध्येच सुटला, "वहिवाट नाही" असं ठरलं, आणि वरच्या घराने त्यावर अपील केलं नाही, तर 2019 चा त्यांचा स्वतःचा पहिला दावा त्या निकालाने बंद पडतो. "आमचा आधीचा" हे वाक्य तिथे कामाला येत नाही.

"पण तो दावा कलम 10 मोडून चालवला, म्हणून निकालच रद्द ना?" तसंही नाही. कलम 10 हा कामाची पद्धत ठरवणारा नियम. तो मोडून झालेला निकाल मुळातून बेकायदा ठरत नाही. पक्षकारांनी तो सोडून दिला तर सोडला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुखराज जैन यांच्या प्रकरणात हेच धरलं. म्हणून कलम 10 चा अर्ज "नंतर बघू" म्हणत ठेवायचा नसतो. त्याची किंमत पुढे कलम 11 च्या रूपात वसूल होते.

पहिला दावा फेटाळला गेला होता. फेटाळला म्हणजे निकाल लागला का?

कशासाठी फेटाळला ते पाहा. रोजनाम्यातलं शेवटचं पान वाचा, पक्षकाराच्या आठवणीवर जाऊ नका.

वादी गैरहजर म्हणून फेटाळला असेल तर मुद्दा ऐकून ठरलेला नाही, प्राङ्न्याय नाही. पण ऑर्डर 9 नियम 9 ने त्याच कारणावर नवा दावा लावायला वेगळी मनाई आहे. त्याने तो जुना दावाच फेरबोर्डावर आणायचा अर्ज करायचा. परवानगी न घेता मागे घेतला असेल तर प्राङ्न्याय नाही, पण तोच दावा पुन्हा लावायला ऑर्डर 23 ची बंदी आहे. न्यायालयाला अधिकार नाही म्हणून गेला असेल तर काहीच ठरलेलं नाही.

आणि "पुरावा दिला नाही म्हणून फेटाळला" असेल? इथे गैरसमज आहे. कमिशनरचा नकाशा नाही, वहिवाटीचा जुना साक्षीदार नाही, म्हणून वादीने हक्क सिद्ध केला नाही, असं न्यायनिर्णयात लिहून फेटाळला, तर तो गुणावगुणावरचाच निकाल. नव्या पुराव्याने तोच दावा पुन्हा लावता येत नाही. पूर्वी न मिळालेला साक्षीदार आता सापडला, हे कारण चालत नाही.

आम्ही पहिल्या दाव्यात एक मुद्दा मांडलाच नाही. तो आता मांडता येईल?

बहुधा नाही. कलम 11 चं चौथं स्पष्टीकरण म्हणतं, जो मुद्दा दाव्यासाठी किंवा बचावासाठी मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तो मांडला गेला आणि ठरला असंच धरायचं.

आपल्या प्रकरणात बघा. वहिवाटीचा हक्क मुदतीने मिळवायचा तर सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, न थांबता आणि हक्क म्हणून वापर हवा. खालच्या घराला कैफियतीत म्हणता आलं असतं की हे लोक आमच्या परवानगीने जात होते, हक्काने नव्हे. तो बचाव मोठा होता, कारण परवानगीने केलेला वापर हक्क होत नाही. त्यांनी तो घेतला नाही, "वाटच नव्हती" एवढंच लिहिलं, आणि हरले. नंतर दुसऱ्या दाव्यात "ठीक, वाट होती, पण परवानगीची होती" असं म्हणायला आता वाव नाही.

तहसीलदाराकडे फेरफाराची केस चालू आहे. त्यावरून दिवाणी दावा थांबतो का?

नाही. कलम 10 ला दिवाणी न्यायालयातला आधीचा दावा लागतो. फेरफार ही महसुली नोंद, तिने मालकी ठरत नाही. प्रांताकडे अपील चालू आहे म्हणूनही थांबत नाही. आणि तहसीलदाराने नोंद मंजूर केली म्हणून मालकीचा प्रश्न "निर्णीत" झाला असंही होत नाही. सातबाऱ्यावर नाव आलं की दावा जिंकला, असं मानणारे पक्षकार दर महिन्याला भेटतात. त्यांना समजावण्यात निम्मा दिवस जातो.

दोन्ही दावे एकत्र चालवून घेतले तर?

दोन्ही एकाच न्यायालयात असतील तर हा चांगला मार्ग आहे, आणि कलम 10 पेक्षा मी बऱ्याचदा तोच सुचवतो. थांबलेल्या दाव्यात पक्षकार वर्षानुवर्षं बोर्डावर येत राहतो, एकत्र केले तर पुरावा एकदाच होतो. दोन्ही पक्षांनी पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली तर काम सोपं होतं. कमिशनरचा नकाशा एक, साक्षीदार तेच. खालच्या घराने नवा दावा टाकण्याऐवजी पहिल्या दाव्यातच प्रतिदावा केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

पण एकत्र केलेल्या दाव्यांत एक सापळा आहे. न्यायनिर्णय एक असला तरी हुकूमनामे दोन निघतात. समजा खालचं घर दोन्हीत हरलं: पहिला मंजूर, दुसरा फेटाळला. त्याने फक्त पहिल्या दाव्याच्या हुकूमनाम्यावर अपील केलं, दुसऱ्यावर केलंच नाही. तीस दिवस गेले. दुसऱ्या दाव्यातला "वहिवाट आहे" हा निष्कर्ष अंतिम झाला, आणि आता तोच पहिल्या दाव्याच्या अपिलात प्राङ्न्याय म्हणून त्याच्या डोक्यात बसतो. अपील ऐकायच्या आधीच हातातून गेलं. 1976 मध्ये केरळमधल्या लोनानकुट्टी यांच्या प्रकरणात, उलटसुलट दाव्यांतच, सर्वोच्च न्यायालयाने हे केलं. म्हणून दोन हुकूमनामे असतील तर दोन अपिलं, दोन कोर्ट फी, दोन वकीलपत्रं. "एकाच निकालावर दोनदा पैसे कशाला?" हा पक्षकाराचा प्रश्न वाजवी वाटतो, पण त्याचं ऐकायचं नाही.

हुकूमनामा अंतिम झाला, आणि खालच्या घराने पुन्हा गडगा घातला. आता नवा दावा लावू की तो प्राङ्न्यायाने अडेल?

नवा गडगा ही नवी घटना. ती आधी ठरलेली नव्हती, त्यामुळे ती प्राङ्न्यायात अडकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मुंबईतल्या एका भाडेकरूच्या प्रकरणात तीच दिशा धरली: जागा न वापरल्याची मुदत वेगळी तर नंतरचा दावा थांबवण्याचं कारण नाही, कारण प्रश्न तोच राहत नाही. वहिवाट आहे की नाही हा प्रश्न मात्र पुन्हा उघडणार नाही, आणि ते तुमच्याच फायद्याचं आहे.

तरी नवा दावा लावू नका. हातात कायम मनाईचा हुकूमनामा आहे, त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करा. ऑर्डर 21 नियम 32 खाली हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला दिवाणी तुरुंगातही ठेवता येतं. अर्जाला तारखेसह गडग्याचे फोटो, शक्य असल्यास तलाठ्याचा पंचनामा, आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल जोडा. हुकूमनाम्यात पाखाडीची रुंदी आणि गट क्रमांक स्पष्ट आहेत ना, ते आधी तपासा. रुंदी लिहिलेली नसली तर दरखास्तीत त्याच सहा फुटांवर पुन्हा भांडण सुरू होतं.